वर्गाच्या ऑनलाइन तासासाठी ॲप बसवणे आणि कॅमेरा तपासणे : पालकांसाठी पत्र

प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार. सोमवारपासून आपल्या वर्गाचे तास झूमवर सुरू होत आहेत. त्याआधी मुलाच्या हातात जो फोन राहणार आहे, त्यात ॲप बसवायचं आहे आणि कॅमेरा चालतो की नाही हे पाहायचं आहे. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहे, म्हणून पत्र मुख्यतः त्यालाच धरून लिहिलं आहे. आयफोनवाल्यांसाठी वेगळं काय, ते पुढे थोडक्यात येईल.

हे काम तास सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी करू नका. ॲप उतरवायला फारसा वेळ लागत नाही, पण कॅमेरा अडला तर तो कुठे अडला हे शोधायला शांतपणा लागतो, आणि समोर तास सुरू झालेला असला की तो मिळत नाही. एखाद्या संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून करा. त्यालाही कळेल कुठलं बटण कशाचं.

ॲप कुठून घ्यायचं

प्ले स्टोअरमध्ये नुसतं नाव टाकून शोधलं तर पहिली एक-दोन नावं जाहिरातीची असू शकतात, आणि सारख्या नावाची, निळ्या रंगाची इतरही ॲप्स तिथे असतात. म्हणून शोधत बसू नका. फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका, थेट बरोबर पानावर जाल:

```
https://play.google.com/store/apps/details?id=us.zoom.videomeetings
```

पानावर Zoom Workplace असं नाव दिसेल. नावात Workplace आहे म्हणून हे ऑफिसवाल्यांचं वेगळं ॲप आहे असं समजू नका. मुलांना लागतं तेही हेच. Install दाबा. ॲप फुकट आहे, त्यामुळे कार्डाचा नंबर किंवा पैसे मागणारं काही समोर आलं तर तुम्ही भलत्याच ठिकाणी आहात असं समजून मागे फिरा. फोनमध्ये साधारण एक जीबी जागा मोकळी ठेवा. ॲपला स्वतःला इतकी लागत नाही, पण अगदी काठोकाठ भरलेला फोन व्हिडिओ कॉलमध्ये अडखळतो.

पालकांच्या ग्रुपवर कुणी 'हे घ्या ॲप' म्हणून .apk ने संपणारी फाईल पाठवली, तर ती उघडू नका. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्या फाईलमध्ये नेमकं काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

ॲप उघडल्यावर साइन इन आणि साइन अप असे शब्द दिसतील. दोन्ही सोडून द्या. आपल्या वर्गात यायला खातं लागत नाही, आणि मुलाच्या नावाने खोटी जन्मतारीख घालून खातं काढणं तर मुळीच नको. नुसतं Join पुरेसं आहे.

फोन काय काय विचारेल

माझ्या अनुभवात कॅमेऱ्याच्या तक्रारी उगवतात त्या इथेच, त्यामुळे इथे जरा थांबून सांगते.

झूम पहिल्यांदा कॅमेरा वापरायला जाईल तेव्हा फोन एक चौकट दाखवेल. इंग्रजीत असेल तर मजकूर असा असतो: Allow Zoom to take pictures and record video? म्हणजे झूमला फोटो काढू द्यायचे का आणि व्हिडिओ रेकॉर्ड करू द्यायचा का. हे वाचून सावध माणूस 'नको' म्हणतो, आणि ते स्वाभाविकच आहे. माझ्या मुलाचं रेकॉर्डिंग कशाला? पण हे वाक्य झूमचं नसून अँड्रॉइडचं आहे. कॅमेरा लागणाऱ्या प्रत्येक ॲपसाठी अँड्रॉइड हेच ठरलेलं वाक्य दाखवतं. इथे परवानगी दिली म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं असं होत नाही. कॅमेऱ्यातलं चित्र ॲपपर्यंत पोहोचू द्यायचं की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. मायक्रोफोनसाठीही record audio असे शब्द येतील, त्याचाही अर्थ तसाच. तास खरोखर रेकॉर्ड होत असेल तर झूम तशी सूचना पडद्यावर देतं, आणि मी तर आधी सांगितल्याशिवाय रेकॉर्ड करणारच नाही.

खाली तीन पर्याय असतील. While using the app निवडा. Only this time निवडलंत तरी त्या दिवशी काम होईल, पण पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा समोर येईल, आणि तेव्हा तुम्ही कामावर असाल आणि मूल एकटं घाईत काहीतरी दाबेल. Don't allow दाबू नका. फोनची भाषा मराठी असेल तर हेच पर्याय मराठीत दिसतील. 'ॲप वापरताना' अशा अर्थाचा जो असेल, तो घ्या.

कॅमेरा आणि मायक्रोफोन या दोनच परवानग्या वर्गासाठी लागतात. फोन कॉल, कॅलेंडर, संपर्क यांबद्दल विचारलं तर बिनधास्त नकार द्या, तास चालतो. ब्लूटूथचे हेडफोन वापरणार असाल तर जवळच्या उपकरणांची परवानगी तेवढी द्यावी लागेल.

कुणाला न सांगता घ्यायची चाचणी

कॅमेरा तपासायला माझी किंवा दुसऱ्या कुणाची गरज नाही. झूमने खास त्यासाठी एक रिकामी मीटिंग ठेवलेली आहे. ब्राउझरमध्ये लिहा:

```
https://zoom.us/test
```

Join दाबा. कुठल्या ॲपमध्ये उघडू असं फोनने विचारलं तर झूम निवडा. नाव विचारलं तर मुलाचं नाव घाला. कॅमेऱ्याचं चित्र आधी दाखवून 'व्हिडिओसह यायचं की व्हिडिओशिवाय' असं विचारलं, तर व्हिडिओसह निवडा. वर सांगितलेल्या परवानग्यांचे प्रश्न बहुधा याच वेळी येतील. आवाजाबद्दल विचारलं तर Wifi or Cellular Data घ्या. या मीटिंगमध्ये तुमच्याशिवाय कुणीच नसतं, त्यामुळे घर आवरलेलं नसलं तरी चालेल.

आता पडदा नीट पाहा. तुमचा चेहरा दिसला तर कॅमेरा चालतो. चेहऱ्याऐवजी छत किंवा समोरची भिंत दिसत असेल तर मागचा कॅमेरा चालू आहे. कॅमेऱ्याच्या चिन्हात गोल फिरणारे बाण असलेलं एक बटण असतं, ते दाबलं की पुढचा कॅमेरा येतो. बटणं दिसत नसतील तर पडद्यावर एकदा बोट टेकवा. थोडा वेळ हात लावला नाही की ती आपोआप लपतात, आणि 'बटणच नाही' अशी तक्रार मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येते.

मग मुलाला वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. पडद्यावर अक्षरं उलटी दिसतील. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. स्वतःचं चित्र आरशासारखं दिसावं म्हणून झूम ते फक्त तुमच्यापुरतं उलटवून दाखवतं. माझ्याकडे अक्षरं सुलटीच पोहोचतात. हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं वही उलटी करून धरतात आणि मग ती मला खरोखरच वाचता येत नाही. बारीक अक्षर दाखवायचं असेल तर तेच बाणांचं बटण दाबून मागचा कॅमेरा लावावा. बहुतेक फोनांत तो पुढच्यापेक्षा चांगला असतो.

अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढचा फोन असेल तर कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. कुठलंही ॲप कॅमेरा वापरत असलं की ती येते. तास संपल्यावर मुलगा फोन नुसताच बाजूला ठेवून गेला असेल, तर त्या खुणेवरून तुम्हाला कळेल की तो मीटिंगमधून बाहेर पडलाच नाही.

चेहरा दिसला नाही तर

'कॅमेरा चालत नाही' एवढंच कुणी कळवलं तर मला काहीच सांगता येत नाही. चेहऱ्याच्या जागी काय दिसतंय त्यावर सगळं अवलंबून आहे. तिथे नाव किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसत असेल तर झूमकडे चित्र येतच नाही आहे. व्हिडिओ बंद ठेवला आहे किंवा परवानगी नाही. नाव नसून नुसताच काळा चौकोन दिसत असेल तर व्हिडिओ चालू आहे, पण कॅमेऱ्याला काही दिसत नाही किंवा तो दुसऱ्या कुणीतरी अडवला आहे. दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार घेऊ. मागच्या वर्षी एका मुलाचे आजोबा फोन घेऊन बसले होते. मुलाच्या चौकोनात फक्त त्याचं नाव दिसायचं. खालच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर लाल तिरपी रेघ होती, म्हणजे व्हिडिओ बंद. मी म्हटलं, ते चिन्ह दाबा. ते दाबत होते, पण रेघ जात नव्हती. "बाई, हे मला काही विचारतच नाही हो," ते म्हणाले. या एका वाक्यावरून उलगडा झाला. 'रेकॉर्ड करू का' हा प्रश्न वाचून त्यांनी आदल्या दिवशी Don't allow दाबलं होतं, आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच. अँड्रॉइड 11 पासून असा नियम आहे की एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की फोन ते उत्तर कायमचं मानतो आणि ती चौकट परत दाखवत नाही. ॲपमधलं बटण मग कितीही दाबलं तरी उपयोग नाही. फोनच्या सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

आम्ही फोनवर बोलत एकेक पायरी गेलो. आधी मीटिंगमधून बाहेर पडायचं. मग फोनच्या Settings मध्ये Apps, तिथल्या यादीत सर्वांत खाली Z ला झूम, त्यात Permissions. तिथे दोन गट दिसतात, परवानगी दिलेले आणि नाकारलेले. त्यांच्याकडे Camera नाकारलेल्यांत होता. त्यावर बोट ठेवून Allow only while using the app निवडलं. मागे येऊन मीटिंगमध्ये पुन्हा शिरले, कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं, आणि नातू दिसला. ॲप काढून पुन्हा बसवलं असतं तरी प्रश्न परत आला असता, पण एवढ्याशा गोष्टीसाठी ते सगळं करायची गरज नाही. फोनच्या कंपनीप्रमाणे या पायऱ्यांची नावं थोडी बदलतात. आणखी एक वाट म्हणजे होम स्क्रीनवर झूमचं चिन्ह दाबून धरायचं आणि येणाऱ्या छोट्या यादीत ॲपच्या माहितीचा पर्याय घ्यायचा. बहुतेक फोनांत त्याने तुम्ही थेट त्याच पानावर पोहोचता.

काळा चौकोन दिसत असेल तर झूम बाजूला ठेवा आणि फोनचा स्वतःचा कॅमेरा उघडा, सेल्फी घ्यायला उघडतो तसा. तिथेही काळंच दिसलं तर झूमचा काही संबंध नाही. वरच्या काठावरची भिंग झाकली गेली आहे का पाहा. नवीन काचेवरचा संरक्षक कागद, सरकलेलं कव्हर, कधीकधी फोन टेकवलेल्या पुस्तकाचीच कड. तसं काही नसेल तर पडद्याच्या वरून बोट खाली ओढून झटपट सेटिंग्ज उघडा. अँड्रॉइड 12 पासून तिथे Camera access नावाचं बटण ठेवता येतं, आणि ते बंद असलं तर फोनमधल्या एकाही ॲपला कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. पडदा ओढताना मुलांचं बोट त्यावर सहज लागतं.

फोनच्या कॅमेऱ्यात मात्र चेहरा स्वच्छ दिसतो आणि झूममध्ये काळं, असं असेल तर बहुधा दुसरं ॲप कॅमेरा धरून बसलेलं आहे. अर्धवट सोडलेला व्हिडिओ कॉल हे नेहमीचं कारण. अलीकडची सगळी ॲप्स बंद करा, तरीही नाही झालं तर फोन बंद करून चालू करा.

याच कारणाने तास चालू असताना मुलाने गृहपाठाचा फोटो काढायला फोनचा कॅमेरा उघडला की माझ्याकडचं त्याचं चित्र जातं. दोन ॲप्सना एकाच वेळी कॅमेरा वापरता येत नाही, आणि झूम मागे ढकललं गेलं की त्याचा व्हिडिओ थांबतोच. फोटो तासानंतर काढावा. परत आल्यावर व्हिडिओचं चिन्ह पाहून घ्यावं.

आयफोनमध्ये हा परवानगीचा प्रश्न एकदाच विचारला जातो. तेव्हा नकार दिला असेल तर Settings मध्ये Privacy & Security, त्यात Camera, आणि तिथे झूमसमोरची कळ चालू करा. बाकी तपासणी वर लिहिली तशीच.

चित्र दिसतं पण चेहरा काळवंडलेला, असं झालं तर मुलाच्या पाठीमागे खिडकी किंवा दिवा आहे का पाहा. कॅमेरा मागच्या उजेडाला जुळवून घेतो आणि पुढचा चेहरा अंधारात जातो. मुलाला वळवून खिडकीकडे तोंड करून बसवा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर टेकवून ठेवा. हातात धरला की पाच मिनिटांत तो मांडीवर येतो आणि मला हनुवटी दिसत राहते. धूसर चित्रासाठी पुढची भिंग मऊ कापडाने पुसा, ती बोटांनी माखलेलीच असते. पुसूनही चित्र तुकड्यातुकड्याने येत असेल तर अडचण कॅमेऱ्याची नसून इंटरनेटची आहे. त्या तासापुरता व्हिडिओ बंद ठेवला तरी चालेल, आवाज नीट येईल.

तासाला येताना

मी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवलं की झूम आपोआप उघडेल. पासकोड त्या दुव्यातच असतो, तो वेगळा टाकावा लागत नाही. म्हणूनच दुवा वर्गाबाहेर कुणाला पुढे पाठवू नका. ज्याच्याकडे दुवा त्याच्याकडे पासकोड. दुवा उघडत नसेल तर Join दाबून मीटिंग आयडी आणि पासकोड हाताने घालता येतो, दोन्ही मी दुव्याच्या खाली लिहीन. त्याच पानावर Turn Off My Video आणि Don't Connect To Audio अशा दोन कळा असतील, त्या दोन्ही बंद ठेवा. नाव दोनदा वाचलं तरी गोंधळ होतो, कारण 'व्हिडिओ बंद' ही कळ बंद ठेवायची म्हणजे व्हिडिओ चालू राहतो.

नावाच्या जागी मुलाचा हजेरी क्रमांक आणि पूर्ण नाव लिहा. तिथे काही लिहिलं नाही तर कधीकधी फोनच्या मॉडेलचंच नाव जातं. वेटिंग रूममध्ये मला तेवढंच दिसतं, आणि ओळख पटल्याशिवाय मी कुणालाही आत घेत नाही. 'थोडं थांबा' अशा अर्थाची सूचना पडद्यावर असेल तर तुमचं काम झालेलं आहे. पुन्हा पुन्हा बाहेर पडून आत येऊ नका, दर वेळी मला नाव नव्याने शोधावं लागतं.

आपला वर्ग झूमच्या फुकट योजनेवर चालतो, त्यात मीटिंग 40 मिनिटांनी आपोआप बंद होते. तेव्हा सगळेच बाहेर पडतात. तुमचा फोन बिघडलेला नसतो. पुढच्या तासाला पुन्हा त्याच दुव्यावरून या.

शनिवारी संध्याकाळी 6 ते 7 मी आपल्या वर्गाची मीटिंग उघडी ठेवणार आहे, तिचा दुवा सकाळी ग्रुपवर येईल. शिकवणं काही नाही. एकेकाने यायचं, चेहरा आणि वही दाखवायची, मुलाने एक वाक्य मोठ्याने वाचायचं म्हणजे आवाजही कळेल, आणि जायचं. ज्यांना त्याआधीच अडचण येईल त्यांनी मला निरोप पाठवताना तीन गोष्टी लिहा: फोन कुठल्या कंपनीचा आणि कोणतं मॉडेल, मुलाच्या चौकोनात नाव दिसतं की काळं, आणि फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का. जमलं तर पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून पाठवा. फक्त त्यात मीटिंगचा पासकोड येणार नाही एवढं पाहा.

कळावे,
आपली,
वर्गशिक्षिका